तीन बिलं, एक ट्रान्सफर

भोसरीतल्या एखाद्या जॉबवर्क करणाऱ्या भागीदारी फर्मच्या खात्यावर सकाळी एनईएफटीने २,२४,१०० रुपये येतात. बँकेच्या नोंदीत फक्त कंपनीचं नाव आणि यूटीआर नंबर असतो. पैसे कोणत्या बिलांचे आहेत, हे मेलवर आलेल्या पेमेंट अ‍ॅडव्हाइसमध्ये असतं. म्हणून पहिल्यांदा अ‍ॅडव्हाइसवरचा यूटीआर आणि एकूण रक्कम बँकेशी ताडून पाहायची.

अ‍ॅडव्हाइसमध्ये तीन बिलं आहेत: १,१८,०००, ७०,८०० आणि ४७,२००. बेरीज २,३६,०००. म्हणजे ११,९०० कमी आले. अनेक ठिकाणी इथेच घाई होते. आलेली रक्कम जुन्या बिलापासून भरत जातात. पहिली दोन पूर्ण मिटतात आणि सगळी तूट तिसऱ्या बिलावर साचते. महिन्याभराने त्या बिलाचे पैसे मागितले, की कंपनी म्हणते, ‘आम्ही तर दिले.’ आणि ती खरंच बोलत असते.

त्याऐवजी कपातीची एकेक ओळ वेगळी काढावी. पहिली ४,००० ची, टीडीएस. १८ टक्के जीएसटी वगळता तिन्ही बिलांची मूळ रक्कम २ लाख होते, त्याचे २ टक्के. कपात ४,७२० असती, तर कंपनीने जीएसटीवरही टीडीएस धरला असं लगेच कळलं असतं. हा पैसा बुडालेला नाही, तो आपलाच आगाऊ भरलेला आयकर आहे. ‘टीडीएस येणे’ खात्यात तो टाकायचा आणि आयकर पोर्टलवर आपल्या पॅनसमोर दिसतो का, ते नंतर पाहायचं.

दुसरी ओळ ५,९०० ची, दुसऱ्या बिलातल्या रिजेक्शनची डेबिट नोट. तिच्यावरचे नग आपल्या चलनाशी आणि परत आलेल्या मालाशी जुळले, तर आपण ५,००० अधिक ९०० जीएसटीची क्रेडिट नोट काढायची. ती वेळेत निघाली नाही, तर न मिळालेल्या पैशावरचा जीएसटी आपल्याच अंगावर पडतो. आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर ही त्याची शेवटची मुदत.

उरले २,०००. तिसऱ्या बिलासमोर नुसतं ‘एलडी’ लिहिलंय, म्हणजे उशिराचा दंड. सोबत कागद काहीच नाही. इतक्याशा रकमेसाठी मोठ्या गिऱ्हाइकाशी कशाला वाद, म्हणून ती खर्चात टाकायचा मोह होतो. माझ्या मते तसं करू नये. विचारलं नाही, तर पुढच्या प्रत्येक पेमेंटमध्ये ही ओळ येऊ लागते. पहिली दोन बिलं पूर्ण मिटवावीत, तिसऱ्यावर २,००० येणे उघडे ठेवावेत, आणि पर्चेस ऑर्डरमधलं दंडाचं कलम व माल पोचल्याची गेट एन्ट्री काढून त्याच आठवड्यात त्यांच्या अकाउंट्सला मेल करावा, यूटीआर आणि बिल नंबर टाकून.