फोन चुकीच्या सिमवरून लागतो तेव्हा

सेटिंगमध्ये घरचं सिम निवडलेलं असतं, तरी गॅसवाल्याला फोन ऑफिसच्या नंबरवरूनच जातो. मग तो परतीचा फोनही तिथेच करतो आणि ऐन मीटिंगमध्ये रिंग वाजते. आयफोनवर याचं कारण बहुधा त्या एका संपर्कातच असतं. आधी कधीच न लावलेला एखादा नंबर डायल करून पाहा. तो घरच्या सिमवरून गेला तर मुख्य सेटिंग बरोबर आहे.

आयफोन त्या माणसाला मागच्या वेळी वापरलेलं सिमच पुन्हा वापरतो. मुख्य निवड, म्हणजे Default Voice Line, फक्त नव्या नंबरांना लागू पडते. म्हणून ती कितीदा बदलली तरी गॅसवाल्याचा फोन जुन्याच वाटेनं जातो. उपाय त्याच्या संपर्कात आहे: नावाखाली सिमचं लेबल दिसतं, त्यावर टॅप करून घरचा नंबर निवडायचा.

अँड्रॉइडवर मला Calls preference मध्ये Ask every time ठेवणं सर्वांत सुरक्षित वाटतं. एक टॅप वाढतो खरा, पण निवड आपल्या हाती राहते. मात्र त्या चौकटीत ‘लक्षात ठेवा’ अशी खूण असेल, तर ती घाईत करू नका. त्या माणसासाठी पुढे विचारणा थांबू शकते.