चार हजार जणांना एक पत्र

मोठ्या ऑफिसात साहेबांचा दिवाळीचा मेल साहेब सहसा एकटे लिहीत नाहीत. मसुदा माझ्यासारख्या अंतर्गत संवाद पाहणाऱ्या माणसाकडे असतो. तो एचआरकडे जातो, कधी लीगलकडे आणि शेवटी पुन्हा साहेबांकडे. या फेऱ्यांत आधी गळतं ते बोलणं आणि उरतो प्रकाशाचा सण, सुखसमृद्धी, भरभराट. त्यात खोटं काही नसतं, पण सही बदलली तर तोच मेल शेजारच्या कंपनीतही चालतो.

म्हणून मी आधी मसुदा करतच नाही. समोर वीस मिनिटं बसतो आणि विचारतो, यंदा ऑफिसात तुम्ही स्वतः पाहिलेलं काय आठवतं? एका वर्षी आमच्या मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जुलैत तळघरात पाणी शिरलं, त्या रात्री मी दीडला पोचले. मेंटेनन्सची मुलं गुडघाभर पाण्यात पंप धरून उभी होती. त्यातला एक मला म्हणाला, मॅडम, चप्पल काढू नका, खाली काचा आहेत."

पत्र तिथूनच सुरू केलं. चपलेचं वाक्य एचआरला खटकलं, पण मॅडमनी ते काढू दिलं नाही. चार हजार जणांनी ती रात्र पाहिली नव्हती, तरी वाचताना प्रत्येकाला आपली एखादी रात्र आठवली असणार. मेलला आलेल्या उत्तरांत लोक आपापल्या रात्रपाळ्यांबद्दलच लिहीत होते.

नावानं हाक मारली की पत्र आपलं वाटतं, असं आम्हालाही एकदा वाटलं होतं. मेल मर्जमध्ये `«First_Name»` टाकलं. पण पगाराच्या यादीत काहींचं आडनाव आधी होतं, काहींची फक्त आद्याक्षरं. कुणाला 'प्रिय कुलकर्णी' गेलं, कुणाला 'प्रिय एस'. तेव्हापासून आम्ही 'मित्रहो' लिहितो. नाव घालायचंच असेल, तर निदान पन्नास नावं आधी डोळ्यांखालून घालावीत.

बोनसचा आकडा या पत्रात नको. तो दिसला की नजर तिथंच जाते. शिवाय पात्र कामगारांना किमान 8.33 टक्के बोनस कायद्यानंच द्यावा लागतो, त्याला दिवाळीची भेट म्हटलं की लोक दुखावतात, आणि ते बरोबरच आहे. त्याचं परिपत्रक वेगळं, आणि शक्यतो आधी.

पाठवणाऱ्याचा पत्ता मॅडमचाच ठेवला होता. उत्तर देता येत नाही अशा पत्त्यावरून आलेल्या शुभेच्छा म्हणजे बंद दारातून दिलेली हाक. मॅडमनी पाडव्यापर्यंत रोज अर्धा तास बसून उत्तरं लिहिली, काहींना दोनच शब्द.

एक गोष्ट मात्र मेलनं होत नाही. सिक्युरिटी, कॅन्टीन, हाउसकीपिंगची माणसं कंत्राटदाराची असतात, त्यांना कंपनीचा मेल नसतो. त्या रात्री पंप धरणाऱ्यांतले दोघेही असेच होते. त्यांच्यासाठी पत्राचे मोठ्या अक्षरांतले मराठी आणि हिंदी कागद काढले आणि वसुबारसेला मॅडम स्वतः गेटवर देऊन आल्या. भाऊबीजेनंतर कामावर आलो, तेव्हा कागद केबिनच्या काचेवर होता. कोपरे सुटू नयेत म्हणून कुणीतरी वर नवी चिकटपट्टी लावली होती.