मिरवणुकीच्या व्हिडिओत ढोलाखाली दबलेले बोलणे कसे बाहेर काढायचे



परिसर अभ्यासासाठी मी चौथीच्या मुलांना घरातल्या मोठ्यांची मुलाखत घ्यायला सांगितले होते. एका मुलीने ती नेमकी विसर्जन मिरवणुकीत घेतली. आजोबा तिला त्यांच्या लहानपणीच्या लेझीमबद्दल सांगत होते, आणि वीस-पंचवीस फुटांवर ढोल-ताशा, त्यामागे गाडीवरचे मोठे स्पीकर. व्हिडिओ १ मिनिट ४० सेकंदांचा. त्या वेळी आम्ही सगळे हसलो आणि विषय सोडून दिला. पुढे थंडीत आजोबा गेले. तिच्या आईने विचारले, "सर, यातलं बाबांचं बोलणं थोडं तरी ऐकू येईल का?" त्यासाठी जे केले ते सांगतो. गॅदरिंग, प्रभातफेरी, दिंडी, कुठल्याही व्हिडिओला हेच लागू पडेल.

आधी मूळ फाइल मागून घ्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल दाबून लहान केलेली असते आणि त्यात आवाजाचे बारकावे आधीच गेलेले असतात. ज्या फोनवर शूटिंग झाले त्यातूनच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा केबलने घ्या.

आता ढोल बोलण्याला का गिळतो ते पाहू. ढोलाच्या थापेचा घुमणारा भाग आणि स्पीकरचा 'धूम' हे साधारण ५० ते १५० हर्ट्झमध्ये असतात. आजोबांच्या आवाजाचा पाया १२० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याच गर्दीत. पण शब्द कळतात ते पायावरून नव्हे. क, च, त, स असे वर्ण ओळखू येतात ते मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झमधल्या आवाजामुळे. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच जायचे, तरी आपण "कोण, मामा का?" असे लगेच ओळखायचो. खालचा पाया काढला तरी कान वरच्या स्वरांवरून तो भरून घेतो. म्हणून खालचा भाग निर्धास्तपणे कापता येतो. आवाज जरा बारीक होतो, पण माणूस तोच राहतो.

मी मोफत मिळणारे ऑडॅसिटी वापरले. आधी व्हिडिओतून आवाज वेगळा केला:

```
ffmpeg -i miravnuk.mp4 -vn awaj.wav
```

फाइल उघडल्यावर लगेच फिल्टर लावू नका. एक ढोलाचा ठोका निवडून खूप मोठा करून बघा. लाटेची टोके गोल असतील तर नशीब चांगले. करवतीने कापल्यासारखी सपाट असतील तर फोनच्या माइकला तो आवाज झेपलेला नाही. इथे एक फसवणूक आहे. View मध्ये Show Clipping in Waveform चालू केले की फक्त अगदी वरच्या रेषेला टेकलेली टोके लाल दिसतात. फोनने आधी कापून मग आवाज कमी केला असेल तर सपाट टोके मधेच दिसतात आणि लाल काहीच होत नाही. म्हणून डोळ्यांनीच बघा.

सपाट टोकांचा त्रास असा, की ८० हर्ट्झचा ठोका कापला गेला की त्यातून २४०, ४००, ५६० असे नवे आवाज तयार होतात आणि ते थेट बोलण्याच्या पट्ट्यात येऊन बसतात. नंतर खालचे कितीही कापा, खरखर उरतेच. थोडीच टोके कापली गेली असतील तर Clip Fix लावून बघता येते, पण ते सगळ्यात आधी. फिल्टर लावल्यावर सपाट टोकांचा आकार बदलतो आणि मग ती त्याला सापडत नाहीत. आमच्या व्हिडिओत पहिली ४० सेकंदं अशीच होती. गाडी अगदी शेजारून जात होती. त्या भागाचे फार काही झाले नाही.

मग High-Pass Filter. Frequency २०० आणि Roll-off २४ डेसिबल. म्हणजे १०० हर्ट्झचा आवाज सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि ४०० च्या वर जवळजवळ धक्का लागत नाही. घुमणे गेले नाही तर २५० करा, ३०० पर्यंत चालते. त्याच्या वर गेलो तर आजोबा पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटू लागले, म्हणून मी २५० वर थांबलो.

हे केल्यावर लाट एकदम बारीक होते. घाबरू नका, तेच हवे आहे. आतापर्यंत सगळी जागा ढोलाने अडवली होती, त्यामुळे बोलणे मोठे करायला वाव नव्हता. आता सगळा आवाज Amplify ने वाढवता येतो. आमच्याकडे १० डेसिबल वाढवता आला आणि आजोबा पहिल्यांदा समोर आले.

पण ताशा! ताशाची कडकड बोलण्याच्याच पट्ट्यात असते, टिपरूचा टणत्कारही तसाच. फिल्टरने तो काढायला गेलात तर शब्दही जातील. Noise Reduction पण इथे उपयोगाचे नाही. ते पंख्यासारख्या एकसारख्या आवाजासाठी आहे, ठोक्यांसाठी नाही. ठोका क्षणभराचा असतो आणि बोलण्यापेक्षा उंच असतो, एवढाच फायदा घेता येतो. Limiter मध्ये मर्यादा बोलण्याच्या उंचीच्या जरा वर ठेवली, आमच्याकडे उणे १० डेसिबल. मग ठोक्यांची डोकी खाली आली आणि दोन ठोक्यांमधले शब्द वर आले. त्यानंतरच Filter Curve EQ मध्ये १५०० ते ३५०० हर्ट्झ ३ डेसिबलने वाढवले.

स्पीकरवर गाणे चालू असेल तर त्यातला गायकाचा आवाज मात्र या पद्धतीने निघत नाही. तोही माणसाचाच आवाज, त्याच पट्ट्यात.

तपासणी इअरफोन लावूनच करा. फोनच्या छोट्या स्पीकरला खालचे आवाज नीट वाजवताच येत नाहीत, त्यामुळे ढोल गेला असे उगाच वाटते. समाधान झाले की awaj_saf.wav नावाने सेव्ह करून आवाज परत व्हिडिओला जोडा:

```
ffmpeg -i miravnuk.mp4 -i awaj_saf.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac navin.mp4
```

चित्राला हात लागत नाही, म्हणून ओठ आणि आवाज जुळलेले राहतात. ऑडॅसिटीत मधला तुकडा कापून काढला असेल तर मात्र जुळणार नाहीत.

शेवटची गोष्ट शब्द लिहून काढण्याची. एकदा कोणी "ते असं म्हणतायत" म्हणाले की आपल्याला तसेच ऐकू येते. म्हणून मी मुलीच्या आईला आणि तिच्या आत्याला वेगवेगळे ऐकवून वेगवेगळे लिहायला सांगितले. दोघींचे जुळले तेवढेच खाली अक्षरांत टाकले, बाकी ठिकाणी टिंबे ठेवली. एका जागी मला "तालमीत" ऐकू येत होते, दोघींनी "तालुक्यात" लिहिले होते. त्यांचेच बरोबर असावे, कारण पुढे ते स्पर्धेबद्दल बोलत होते.

शेवटच्या मिनिटातले ३८ सेकंद स्पष्ट निघाले. त्यात आजोबा सांगतात की त्यांच्या शाळेत लेझमी कमी होत्या, म्हणून निम्मी मुले नुसते हात हलवत नाचायची. मुलगी विचारते, "मग तुम्ही कोणत्या निम्म्यात?" उत्तर ताशाच्या कडकडाटात गेले आहे. त्यानंतर दोघे हसतात, ते मात्र स्वच्छ ऐकू येते.