डिस्क कोणी खाल्ली?

‘सी ड्राइव्ह भरली’ अशी लाल पट्टी दिसली की आपण चार-दोन व्हिडिओ उडवतो आणि आठवड्याभरात पट्टी पुन्हा हजर होते. हाच वैताग 1990 मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात बेन श्नाइडरमन यांना होता. तिथे 80 एमबीची एकच डिस्क 14 जण वापरत होते. जागा कोण अडवतंय हे एका नजरेत कळावं म्हणून त्यांनी ट्रीमॅप काढला. विंडोजवरचं WinDirStat हे मोफत साधन त्याच कल्पनेवर चालतं.

स्कॅन झाल्यावर रंगीत चौकटींची गोधडी दिसते. प्रत्येक चौकट म्हणजे एक फाइल. जितकी फाइल मोठी, तितकी चौकट मोठी. रंग फक्त फाइलचा प्रकार सांगतो. लाल म्हणजे धोका असं काही नसतं. एका फोल्डरमधल्या फाइली शेजारी-शेजारीच बसतात.

नवखा माणूस सगळ्यात मोठ्या चौकटीवर झडप घालतो. ती बहुतेकदा pagefile.sys किंवा hiberfil.sys निघते. या विंडोजच्या स्वतःच्या फाइली, हाताने पुसायच्या नाहीत. खरा खादाड फोल्डर पुष्कळदा बारीक चौकटींच्या गर्दीत लपलेला असतो.

समजा, 256 जीबीच्या डिस्कवर जेमतेम 6 जीबी उरलेत. pagefile.sys दिसते 8 जीबीची, पण एका कोपऱ्यात एकाच रंगाच्या असंख्य बारीक चौकटींचा मोठा पट्टा आहे. त्यातल्या कुठल्याही चौकटीवर क्लिक करा. वरच्या यादीत ती फाइल उघडी पडते: नाव म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, पुढे .jpg वगैरे काही नाही. एकटीचं वजन नगण्य. आता यादीत एकेक पायरी वर चढा. दोन अक्षरी नावाच्या फोल्डरमध्ये काही शे एमबी, त्याच्या वर 35 जीबी आणि त्याच्याही वर MobileSync\Backup, तब्बल 70 जीबी. वरच्या फोल्डरवर क्लिक केलं की त्याची पूर्ण हद्द नकाशात रेषेने आखली जाते. सगळा पट्टा तिच्यात आला, म्हणजे चोर सापडला. त्याच्याही वर गेलात तर आकडा फारसा वाढत नाही. थांबायचं ते इथेच.

हे आयफोनचे बॅकअप आहेत, प्रत्येकी 35 जीबीचे दोन. त्यातला एक विकून टाकलेल्या जुन्या फोनचा. त्यातल्या सुट्या फाइली पुसू नका, राहिलेला बॅकअप निकामी होतो. आयट्यून्सच्या सेटिंगमध्ये बॅकअपची यादी असते. तारीख आणि फोनचं नाव बघून जुना तिथूनच काढा.

WinSxS फोल्डरचा आकडा मात्र जपून वाचा. त्यातल्या बऱ्याच फाइली दुसऱ्या ठिकाणीही नोंदलेल्या असतात, त्यामुळे तीच जागा दोनदा मोजली जाऊ शकते. त्या फोल्डरला हात लावायचा नाही; विंडोजच्या ‘डिस्क क्लीनअप’कडून सफाई करून घ्यायची.