स्वतःच्या शेडचं भाडं कोण भरतं?

भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीतलं एक छोटं मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. शेड मालकाच्या नावावर आहे आणि यंत्रं व खेळतं भांडवल मिळून ३० लाख रुपये त्याने स्वतःचे घातले आहेत, बँकेचं कर्ज नाही. महिन्याला एकाच प्रकारचे १०,००० सुटे भाग तयार होतात. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण हिशेबाची पद्धत खरी आहे.

महिन्याचा कच्चा माल ४,५०,००० रुपये, मजुरी १,५०,०००, वीज, दुरुस्ती, घसारा वगैरे कारखान्याचा वरखर्च १,२०,००० आणि ऑफिस व विक्रीचा खर्च ६०,०००. एकूण ७,८०,००० रुपये, म्हणजे एका भागाला ७८ रुपये. भाग ८२ रुपयांना जातो. कॉस्ट शीट सांगते की नगामागे ४ रुपये आणि महिन्याला ४०,००० रुपये नफा झाला.

आता शेजारच्या शेडमध्ये हेच काम करणारा दुसरा उद्योजक बघा. त्याची शेड भाड्याची आहे आणि भांडवल कर्जाचं. यंत्रं तीच, कारागीरही तितकेच कसबी, पण त्याची कॉस्ट शीट नगाचा खर्च जास्त दाखवते. कागदावर पहिला मालक जास्त कार्यक्षम दिसतो. प्रत्यक्षात फरक कामात नाहीच, तो मालमत्ता कोणाची आहे यात आहे.

हा फरक दूर करण्यासाठी कॉस्ट अकाउंट्समध्ये मानीव खर्च धरतात. बोलीभाषेत त्यालाच नोशनल कॉस्ट म्हणतात. पैसा खिशातून जात नाही, पण तीच साधनं दुसरीकडे लावली असती तर जे मिळालं असतं ते उत्पादनाच्या नावे टाकायचं. समजा, आपल्या मालकाची शेड भाड्याने दिली तर महिना ४०,००० रुपये येतील. ३० लाख ८ टक्के दराने गुंतवले असते, तर वर्षाला २,४०,००० आणि महिन्याला २०,००० रुपये व्याज मिळालं असतं. एकूण मानीव खर्च ६०,००० रुपये.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हे ६०,००० सरळ ७,८०,००० मध्ये मिळवले, तर इमारतीचा खर्च दोनदा मोजला जातो. १,२०,००० च्या वरखर्चात इमारतीचा घसारा, मालमत्ता कर आणि इमारतीची दुरुस्ती धरून १०,००० रुपये आधीच आहेत. बाजारभावाच्या भाड्यातून घरमालक हेच खर्च भागवतो. म्हणून मानीव भाडं धरलं की हे १०,००० कॉस्ट अकाउंट्समधून बाहेर काढायचे. तसंच, ज्या भांडवलावर व्याज लावलं त्यात इमारतीची किंमत मिसळलेली नसावी, कारण त्या गुंतवणुकीचा परतावा भाड्यातच आला. आपल्या ३० लाखांत इमारत नाही, म्हणून हिशेब बरोबर बसतो.

आता एकूण खर्च ७,८०,००० अधिक ६०,००० वजा १०,०००, म्हणजे ८,३०,००० रुपये होतो. नगाला ८३ रुपये पडतात आणि विक्री ८२ रुपयांना आहे. ४०,००० चा नफा आता १०,००० चा तोटा झाला. गल्ल्यात मात्र एकही रुपया कमी झालेला नाही. हा तोटा सांगतो की मालकाला शेड आणि भांडवल दुसऱ्याच्या हाती देऊन जे मिळालं असतं, त्याच्यापेक्षा हा धंदा १०,००० रुपये कमी देतो. त्याची स्वतःची मेहनत तर अजून धरलेलीच नाही.

आर्थिक लेख्यांना हा तोटा मान्य नाही, कारण तिथे प्रत्यक्ष व्यवहारच नोंदले जातात. म्हणून महिनाअखेरीस ताळमेळ पत्रक करावं लागतं. कॉस्ट अकाउंट्सचा तोटा १०,००० घ्यायचा, त्यात मानीव भाडं व व्याजाचे ६०,००० मिळवायचे आणि इमारतीचे वगळलेले १०,००० वजा करायचे. उत्तर येतं ४०,००० नफा. आकडा असा जुळला नाही, तर बहुधा इमारतीचा खर्च दोन्हीकडे राहिलेला असतो किंवा शिल्लक मालाकडे दुर्लक्ष झालेलं असतं.

शिल्लक मालाचा मुद्दा वेगळा समजून घ्यायला हवा. १०,००० पैकी १,००० भाग विकायचे राहिले आणि त्यांचं मूल्य मानीव खर्चासह लावलं, तर नगामागे ५ रुपये, म्हणजे ५,००० रुपयांची किंमत मालाला चढते, जी कधी कोणी मोजलीच नाही. ताळेबंदात तो आकडा नफा फुगवून दाखवतो. म्हणून शिल्लक मालाच्या मूल्यातून हा भाग काढून टाकायचा.

मग कॉस्ट शीटमध्ये हे खर्च का धरत नाहीत? कॉस्ट शीट हे बहुतेक वेळा दुसऱ्याला दाखवायचं पत्रक असतं, आणि दुसऱ्याला प्रत्यक्ष खर्चाचा पुरावा हवा असतो. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या मानकांनुसार उत्पादनाचा खर्च काढताना मानीव खर्च धरत नाहीत. याला करापर्यंत पोहोचणारं कारण आहे. आपलाच माल आपल्याच परराज्यातल्या शाखेला पाठवताना आधीच्या नियमांनी मूल्य ठरत नसेल, तर जीएसटीच्या नियम ३० प्रमाणे उत्पादन खर्चाच्या ११० टक्के मूल्य धरतात. त्या खर्चात मालकाच्या अंदाजाने ठरलेलं भाडं शिरलं, तर मूल्यच अंदाजावर उभं राहील.

हाच वाद शेतीत रोज ऐकू येतो. हमीभावासाठी सरकार जो ए-२ अधिक एफएल खर्च धरतं, त्यात प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल येतं. सी-२ मध्ये त्याशिवाय स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं व्याजही येतं. २०१८-१९ पासून हमीभाव खर्चाच्या किमान दीडपट ठरवताना पहिलाच आधार घेतला जातो, तर शेतकरी संघटना सी-२ मागतात. भोसरीतला मालक आणि कोरडवाहू शेतकरी, दोघांचा प्रश्न मुळात एकच आहे: आपल्या मालकीच्या गोष्टीचं मोल खर्चात धरायचं की नाही.

मानीव खर्चाला मर्यादाही आहेत. ती शेड खरोखर भाड्याने जाईल का? एमआयडीसीच्या भूखंडावर पोटभाडेकरू ठेवायला महामंडळाची परवानगी लागते. ती मिळणार नसेल, तर ४०,००० चं भाडं कागदावरच राहतं. तसंच यंत्र रिकामं पडून असताना आलेल्या एखाद्या जादा ऑर्डरसाठी मानीव भाडं मोजून भाव वाढवला, तर हातचं काम जाईल. त्या वेळी माल, मजुरी आणि विजेचा वाढणारा खर्च निघतो की नाही, हेच पाहायचं.

मानीव खर्चाची खरी गरज लागते ती कायमचा भाव ठरवताना, दोन शाखांची तुलना करताना आणि नवी शेड बांधायची की भाड्याने घ्यायची हे ठरवताना. म्हणून छोट्या उद्योजकाने प्रत्येक कॉस्ट शीटखाली एक रेघ मारावी. रेघेच्या वर ७८ रुपये, हा ग्राहक, बँक आणि कर खात्यासाठी. रेघेखाली मानीव भाडं व व्याज वेगळं दाखवून ८३ रुपये, हा स्वतःसाठी. ८० रुपयांचा कायमचा दर मागणाऱ्या ग्राहकाला उत्तर देण्यापूर्वी दुसरा आकडा पाहावा, कारण त्या दरात शेड आणि भांडवल दोन्ही स्वस्तात देऊन टाकल्यासारखं होतं.