तीन रकाने आणि एक ठळक चौकट

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर दरांचे एक पान असते. त्यावर बहुधा तीन रकाने शेजारी शेजारी उभे असतात. प्रत्येक रकान्यात एका प्लॅनचे नाव, मोठ्या आकड्यात दर आणि खाली मिळणाऱ्या सुविधांची यादी असते. मधल्या रकान्याला वेगळा रंग देऊन वर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ किंवा ‘शिफारस’ अशी पट्टी लावलेली असते. हे पान तपासणे म्हणजे ते देखणे आहे की नाही हे पाहणे नव्हे. पान वाचून गिऱ्हाइकाला दोन प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत: आपल्यासाठी यांतला कोणता प्लॅन, आणि पहिल्या वर्षी खिशातून एकूण किती पैसे जाणार. ही उत्तरे चुकत असतील, तर पान बाहेरून कितीही नीटनेटके असले तरी ते नापास.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बिले आणि साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचे तीन प्लॅन आहेत. ‘प्रारंभ’ 249 रुपये, ‘व्यवसाय’ 499 रुपये आणि ‘विस्तार’ 1,199 रुपये. आकड्यांखाली बारीक अक्षरांत ‘दरमहा’ लिहिले आहे. ठळक चौकट ‘व्यवसाय’भोवती आहे. गिऱ्हाईक म्हणून कापडाचे एक दुकान धरू. तिथे मालक, त्यांचा मुलगा आणि एक कारकून असे तिघे जण बिले करतात. तपासणी नेहमी अशा ठरावीक गिऱ्हाइकापासून सुरू करावी. ‘कोणीतरी वाचक’ डोळ्यासमोर ठेवून पान पाहिले, की सगळेच स्पष्ट वाटू लागते.

दुकानाचे मालक पट्टीवर विश्वास ठेवून ‘व्यवसाय’ निवडतात. 499 रुपयांखालची ओळ नीट वाचली तर कळते, की हा दर प्रत्येक वापरकर्त्यामागे आहे आणि तोही वर्षाचे पैसे एकदम भरले तर. दर महिन्याला पैसे भरायचे असतील तर तो 599 होतो. पानाच्या वरच्या बाजूला ‘मासिक/वार्षिक’ असे एक बटण आहे आणि ते आधीच ‘वार्षिक’वर ठेवलेले आहे. तिघांचे वर्षाचे 499 × 3 × 12, म्हणजे 17,964 रुपये झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की रक्कम 21,197 रुपये 52 पैशांवर जाते. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाला या कराची वजावट पुढे मिळू शकते. पण कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला ती मिळत नाही, त्याच्यासाठी कर हा खर्चच. कोणत्याही परिस्थितीत, पानावर ठळकपणे दिसलेला 499 हा आकडा आणि बँकेतून जाणारा आकडा यांच्यात फार अंतर आहे.

खरी गडबड तिसऱ्या रकान्यात आहे. ‘विस्तार’चे 1,199 रुपये वापरकर्त्यामागे नाहीत. त्या रकमेत पाच जणांपर्यंत सगळे येतात, पण ही गोष्ट सुविधांच्या यादीत बरीच खाली, एका छोट्या ‘i’ खुणेवर बोट ठेवल्यावरच उघडते. म्हणजे तिघांच्या दुकानाला ‘विस्तार’ वर्षाला 14,388 रुपयांत, करासह 16,977 रुपये 84 पैशांत पडतो. पानाने ज्या प्लॅनची शिफारस केली त्याच्यापेक्षा वरचा, अधिक सुविधांचा प्लॅन सुमारे 4,200 रुपयांनी स्वस्त. दोन माणसे असतील तर 998 विरुद्ध 1,199 असा हिशेब होतो आणि ‘व्यवसाय’ परवडतो. तिसरा माणूस आला की 1,497 विरुद्ध 1,199 होऊन पारडे फिरते.

हा दोष वरवर वाचून सापडत नाही, कारण प्रत्येक रकाना आपापल्या जागी बरोबर आहे. चूक एकककाच्या निवडीत आहे: दोन रकाने माणशी दर सांगतात आणि तिसरा दुकानाचा एकूण दर सांगतो, पण तिन्ही आकडे एकाच आकारात, एकाच ओळीत उभे आहेत. डोळा ते थेट तोलतो. म्हणून तपासणाऱ्याने सुविधा वाचण्याआधी कागदावर प्रत्येक दराचे पूर्ण वाक्य लिहून काढावे: किती रुपये, किती माणसांचे, किती काळाचे, कर धरून की न धरता, पैसे कधी भरायचे. तीन वाक्ये एकाच साच्यात बसली नाहीत तर तुलना तिथेच मोडली. दुरुस्ती अवघड नसते. माणसांची संख्या विचारणारी एक चौकट वर द्यावी आणि तिन्ही रकान्यांत त्या संख्येनुसार वर्षाची करासहित रक्कम दाखवावी. विक्री विभागाला हे सहसा आवडत नाही, कारण 499 च्या जागी पाच आकडी रक्कम दिसू लागते.

करासह एकूण रक्कम अगदी शेवटी, पैसे भरण्याच्या पडद्यावर पहिल्यांदा दिसत असेल तर तेही नोंदवावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत अशा 13 फसव्या पद्धतींची यादी आहे आणि किंमत सुरुवातीला पूर्ण न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणे ही त्यांतली एक आहे. व्यापारासाठी केलेल्या खरेदीला ग्राहक कायदा कितपत लागू पडतो हा वेगळा विषय; पण तपासणीसाठी ती यादी शेजारी ठेवण्यासारखी आहे.

आता शिफारशीची पट्टी. ती मधल्या रकान्यावर का असते याला अभ्यासाचा आधार आहे. इटामार सायमनसन यांनी 1989 मध्ये दाखवले, की माणसे दोन टोकांपेक्षा मधल्या पर्यायाकडे झुकतात, आणि निवडीचे समर्थन इतरांपुढे करावे लागणार असेल तर अधिकच. त्याआधी 1982 मध्ये ह्यूबर, पेन आणि प्यूटो यांनी दुसरी गोष्ट नोंदवली होती: कोणीच घेणार नाही असा एक कमी प्रतीचा पर्याय शेजारी ठेवला, की त्याच्याशी तुलना होऊन दुसरा एखादा पर्याय अधिक आकर्षक वाटू लागतो. दरांच्या पानावर या दोन्हींचा वापर होतो. आपल्या उदाहरणातला ‘प्रारंभ’ पाहा. त्यात एकच वापरकर्ता आणि महिन्याला फक्त 50 बिले आहेत. कापडाच्या दुकानात एवढी बिले कधीकधी एका दिवसात होतात. हा प्लॅन विकण्यासाठी आहे की ‘व्यवसाय’ला उठाव देण्यासाठी, हा प्रश्न तपासणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

शिफारस करणे मुळात गैर नाही. तीन सारख्या रकान्यांसमोर गोंधळलेल्या माणसाला ती उपयोगीच पडते. मात्र ‘सर्वाधिक लोकप्रिय’ हे शब्द एक तथ्य सांगतात. खरोखर सर्वांत जास्त गिऱ्हाइके त्या प्लॅनवर असतील तरच ते लिहावेत, आणि तपासणाऱ्याने कंपनीकडे त्याचा आकडा मागावा. बाजारात कालच आलेल्या सॉफ्टवेअरवरही ही पट्टी दिसते, तेव्हा ती केवळ सजावट असते. त्यापेक्षा कोणासाठी ते सांगणारी ओळ चांगली: ‘एक किंवा दोन जण बिले करत असतील तर’. अशी ओळ असती, तर तिघांच्या दुकानाने ‘व्यवसाय’ घेतलाच नसता.

पट्टी दिसते कशी हेही पाहायचे. फक्त रंग बदलला असेल तर रंगांधळ्या माणसाला आणि पान ऐकून वाचणाऱ्या दृष्टिहीन माणसाला शिफारस कळत नाही. ती शब्दांतही असावी लागते. मोबाइलवर तीन रकाने एकाखाली एक येतात. तिथे ठळक चौकट सर्वांत वर आणली, की स्वस्त प्लॅन बोटाने खाली ढकलत गेल्यावरच दिसतो. तपासणी मोठ्या पडद्यावर करून थांबणाऱ्यांच्या नजरेतून हे हमखास सुटते.

सुविधांची यादी हा सर्वांत कंटाळवाणा भाग, आणि सर्वाधिक चुका इथेच. समजा यादीत 42 ओळी आहेत आणि त्यांपैकी 31 ओळींपुढे तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण आहे. त्या 31 ओळी तुलनेसाठी निरुपयोगी आहेत. त्या ‘सर्व प्लॅनमध्ये’ अशा मथळ्याखाली एकत्र कराव्यात आणि वेगळ्या असलेल्या 11 ओळी वर आणाव्यात. त्या 11 मध्येही नुसती खूण पुरत नाही. ‘साठा व्यवस्थापन ✓’ यातून एका प्लॅनमध्ये एक गोदाम आणि दुसऱ्यात दहा, हा फरक दिसत नाही. तिथे आकडाच लिहावा. रिकामी जागा आणि आडवी रेघ यांचा अर्थ एकच आहे का, हेही विचारावे, कारण रिकामी जागा पाहून काही वाचक ‘नाही’ समजतात, तर काहींना माहिती भरायची राहून गेली असे वाटते. ‘अमर्यादित बिले’ या शब्दांवर तारका असेल तर मर्यादा आहे. ती त्याच ओळीत यायला हवी, आणि मर्यादा ओलांडली तर बिले करणे थांबते की जादा पैसे लागतात, तेही.

शब्द बदलले की यादी निम्मी सोपी होते. ‘रोल-बेस्ड ॲक्सेस’ऐवजी ‘कारकुनाला नफा दिसणार नाही अशी सोय’ लिहिले तर दुकानदाराला ती सुविधा हवी की नको ते लगेच ठरवता येते. याउलट ‘जीएसटी’ किंवा ‘बारकोड’ यांना मराठी पर्याय शोधत बसण्यात अर्थ नाही. दुकानात तेच शब्द चालतात.

अक्षरे वाचता येतात का, हे मोजता येते. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या ‘डब्ल्यूसीएजी’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 : 1 असावे लागते. पांढऱ्यावर #999999 या करड्या रंगाचे गुणोत्तर सुमारे 2.85 येते, म्हणजे नापास. #767676 घेतला तर ते 4.54 होते. दरांच्या पानावर फिकट करड्या रंगात नेमके काय लिहिलेले असते ते पाहावे. बहुधा ‘प्रति वापरकर्ता’, ‘वार्षिक आकारणी’ आणि ‘कर वेगळा’ हेच तीन शब्दसमूह तिथे सापडतात.

एवढे झाल्यावर पान त्या धंद्यातल्या चार-पाच माणसांपुढे ठेवावे. त्यांना ‘पान आवडले का’ असे विचारू नये. बहुतेक जण सौजन्याने हो म्हणतात. ‘तुमच्या दुकानात तिघे जण बिले करतात, पहिल्या वर्षी एकूण किती भराल?’ एवढेच विचारून गप्प बसावे. 5,988 हे उत्तर आले तर माणशी दराची ओळ वाचली गेली नाही. 17,964 आले तर कर सुटला. उत्तर कोणत्या आकड्यावर अडकते त्यावरून पानावरची कुठली ओळ दुबळी आहे ते कळते.

शेवटची नोंद नूतनीकरणाची. ‘दरवर्षी आपोआप नूतनीकरण’ असे पान सांगत असले, तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून होणारी अशी आवर्ती वसुली ओटीपीशिवाय साधारणपणे 15,000 रुपयांपर्यंतच चालते, आणि ती करण्याच्या किमान 24 तास आधी गिऱ्हाइकाला सूचना द्यावी लागते. आपल्या दुकानाची वार्षिक रक्कम दोन्ही प्लॅनमध्ये 15,000 च्या वर आहे. म्हणजे दुसऱ्या वर्षी कोणीतरी ओटीपी दिल्याशिवाय नूतनीकरण होणारच नाही, आणि मार्चअखेरीच्या घाईत बिले अडकू शकतात. त्यामुळे ‘आपोआप’ हा शब्द काढून तिथे नूतनीकरणाची पद्धत, पैसे भरायला मिळणारी मुदत आणि प्लॅन संपल्यावर जुनी बिले किती दिवस उतरवून घेता येतील, हे लिहायला सांगावे.