विश्लेषण : ‘स्टार वॉर्स’मधील ‘खरी’ गोष्ट कोणती? ठरवते कोण?

‘स्टार वॉर्स’मालिकेतील च्युबाका हा हान सोलोचा केसाळ साथीदार १९९९ मध्ये ‘व्हेक्टर प्राइम’ या कादंबरीत मारला गेला. हानच्या मुलाला वाचवताना त्याचा अंत झाला. मात्र २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’ चित्रपटात तो ठणठणीत दिसला. हे कसे घडले?

‘कॅनन’ म्हणजे काय?

कथाविश्वात जे ‘खरोखर घडले’ असे मालक कंपनी मानते, ते कॅनन. उरलेल्या कथा परवाना घेऊन छापलेल्या असल्या, तरी पुढच्या लेखकांवर त्या बंधनकारक नसतात. च्युबाकाचा मृत्यू असाच कॅननबाहेर गेला.

आधी काय व्यवस्था होती?

उतरंड होती. जॉर्ज लुकास यांचे चित्रपट सर्वांत वर, कादंबऱ्या व कॉमिक्स त्याखाली. लुकासफिल्ममध्ये लेलँड ची हे ‘होलोक्रॉन’ नावाच्या डेटाबेसमध्ये या साऱ्याची नोंद ठेवत. पुस्तक आणि चित्रपट यांच्यात विसंगती आली, की पुस्तक हरत असे. मात्र विसंगती नसेल तोवर पुस्तकातील घटनाही ग्राह्य धरली जाई.

२०१४ मध्ये काय बदलले?

डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतली आणि नव्या चित्रपटांची घोषणा केली. जुन्या कादंबऱ्यांनी ‘रिटर्न ऑफ द जेडाय’नंतरची अनेक दशके आधीच व्यापली होती. त्या पाळायच्या, तर नव्या पटकथाकारांचे हात बांधले जात. म्हणून एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने तेव्हाचे सहा चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ ही अ‍ॅनिमेशन मालिका यांनाच कॅननचा पाया ठरवले. जुन्या कादंबऱ्या-कॉमिक्सवर ‘लेजंड्स’चा शिक्का बसला. नव्या चित्रपट, मालिका, पुस्तके आणि गेममध्ये सुसंगती राखण्याचे काम लुकासफिल्मच्या ‘स्टोरी ग्रुप’कडे आले. वर्षानुवर्षे ही पुस्तके विकत घेणाऱ्या अनेक वाचकांना हा निर्णय झोंबला.

बाहेर गेलेले परत येते का?

येते, पण सगळे नाही. टिमथी झान यांनी १९९१ च्या कादंबरीत ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन हा खलनायक निर्माण केला. २०१४ मध्ये तो कॅननबाहेर गेला. २०१६ मध्ये ‘रिबेल्स’ मालिकेने त्याला परत आणले आणि २०१७ मध्ये खुद्द झान यांनीच त्याच्यावर नवी, कॅननमधील कादंबरी लिहिली. मात्र परतले ते पात्र. १९९१ चे कथानक नव्हे. त्याच कादंबरीतील मारा जेड ही लोकप्रिय नायिका लेजंड्समध्येच राहिली.

मग अंतिम शब्द कोणाचा?

हक्क ज्याच्याकडे, त्याचा. पात्र निर्माण करणाऱ्या लेखकाचाही नाही. पण हा अधिकार पुढे काय लिहिले जाईल एवढ्यापुरताच आहे. जुन्या कादंबऱ्या मुखपृष्ठावर ‘लेजंड्स’ची पट्टी घेऊन पुन्हा छापल्या गेल्या. त्यांच्यात च्युबाका आजही मरतो आणि त्या वाचणाऱ्यापुरता तो मृत्यू खराच असतो.